सत्तर अक्षरांचा निरोप

म्हाळुंगी दूध संघाचा मेसेज दिवसातून दोनदा जातो. सकाळचं दूध मोजून झालं की एकदा, संध्याकाळचं झालं की पुन्हा. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून आकडे संगमनेरच्या कार्यालयात येतात आणि अकरा हजार उत्पादकांच्या मोबाईलवर निरोप पोचतो. या निरोपाचा मजकूर एंजेला साळवे यांनी लिहिला होता. संगणक विभागात खिडकीजवळच्या टेबलावर त्या एकट्या बसत. मजकुराच्या शेवटी छापलेला फोन नंबर त्याच टेबलावरचा होता.

मजकूर असा होता: ‘नमस्कार, पुंजाराम गोविंद वाकचौरे. आज सकाळी आपले दूध ६.४ लिटर, फॅट ४.१, एसएनएफ ८.५, दर ३३.२०, रक्कम २१२.४८ रुपये. काही शंका असल्यास फोन करा’, मग नंबर, मग संघाचं नाव.

फोन यायचे. नंबर कुणी साठवून ठेवत नसे. मेसेजमधल्या आकड्यांवर बोट ठेवलं की लागायचा. बहुतेकांची शंका फॅटविषयी असे. पुंजाराम वाकचौरेंचा फोन रोज येई. पठार भागातल्या वस्तीवर ते एकटे राहत, एक गाय होती, मुलगा सुप्याला कंपनीत होता.

“मॅडम, म्या पुंजाराम. आज चार-एकच फॅट? काल चार-तीन हुता.”

“रोज थोडा फरक पडतो, काका.”

“गाय तीच, चारा तोच, पानी तेच.”

“मग गाईलाच विचारा.”

“इचारलं. ती म्हनली, मॅडमला फोन लाव.”

एंजेला हसत. हिवाळ्यात आई गेल्यापासून घरी बोलायला कुणी नव्हतं. रविवारी चर्चमध्ये चार माणसं ‘कशी आहेस’ विचारत आणि उत्तराआधी पुढे सरकत. सोमवारी कार्यालयात फोन वाजला की त्यांचा आठवडा सुरू होई. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात एसएमएस पुरवणाऱ्या कंपनीचं बिल घेऊन सरव्यवस्थापक भागवत कानवडे त्यांच्या टेबलापाशी आले.

“साळवे मॅडम, निरोप अकरा हजार लोकांना एकेकच जातो ना?”

“हो.”

“मग बिल तिपटीचं कसं?”

“कंपनी माणसं मोजत नाही, साहेब. भाग मोजते. आपला निरोप तीन भागांत जातो. मोबाईलवर जोडून एकच दिसतो, पैसे तिन्हीचे लागतात.”

कानवडे खुर्ची ओढून बसले. एंजेलांनी सांगितलं ते थोडक्यात असं. एका एसएमएसच्या पाकिटाचा आकार ठरलेला असतो. इंग्रजी अक्षर कमी जागा घेतं, म्हणून त्या पाकिटात एकशे साठ मावतात. देवनागरी अक्षराला त्याच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून सत्तरच. मजकूर त्याहून मोठा झाला की पाकिटं वाढतात, आणि प्रत्येक पाकिटात ‘हा कितवा भाग’ याची खूण ठेवावी लागते. मग देवनागरीच्या एका भागात सदुसष्टच उरतात.

“आपला निरोप केवढा आहे?”

“पुंजाराम वाकचौरेंचा एकशे अडुसष्ट.”

“एवढा? मला तर शंभराच्या आसपास वाटला.”

“तुम्ही अक्षर पाहता. यंत्र काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं मोजतं. ‘म्हाळुंगी’ किती अक्षरी?”

“तीन.”

“यंत्राला नऊ.”

कानवड्यांनी बोटांवर मोजून पाहिलं आणि मान हलवली. “म्हणजे नावातच मार खाल्ला आपण. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहायचं. नाव, नंबर, सगळं तसंच राहू दे.”

मजकूर त्यांनी स्वतः बसवला. टेलिकॉम कंपनीच्या पोर्टलवर तो आधी मंजूर करून घ्यावा लागतो. नाव आणि आकडे बदलतात, तिथे मोकळ्या जागा सोडायच्या. मंजुरी आली तशी पठारावरच्या काही गावांना सकाळचा निरोप इंग्रजी अक्षरांत गेला. तासाभरात कानवडे अहवालाचा कागद हातात घेऊन आले.

“पुन्हा तीनच भाग? इंग्रजी आहे ना हे?”

एंजेलांनी मजकूर पाहिला. रकमेच्या आधी कानवड्यांनी रुपयाचं नवं चिन्ह घातलं होतं.

“हे चिन्ह एसएमएसच्या जुन्या इंग्रजी अक्षरसंचात नाही. असं एक जरी आलं, तरी सगळाच निरोप देवनागरीच्या मापाने मोजला जातो.”

“एका चिन्हापायी?”

“एका चिन्हापायी. त्याच्या जागी इंग्रजी आर आणि एस टाका. मजकूर एकशे साठच्या आत आहे. एकच भाग होईल.”

हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं, असं त्यांना नंतर वाटलं. पण विचारलं होतं, आणि उत्तर ठाऊक होतं.

दुरुस्त मजकूर मंजूर होऊन पठारावर सगळीकडे गेला, एकाच भागात. त्या सकाळी टेबलावरचा फोन थांबलाच नाही.

“मॅडम, ब्यांकेचा मेसेज आलाय. म्या कर्ज काढलेलं न्हाई.”

“बँकेचा नाही, दुधाचाच आहे. आकडे वाचा.”

“आकडे हायेत, पर कशाचे ते कसं कळावं?”

एका बाईने विचारलं, संघ विकला का? एकाने सरळ सांगितलं, की मुलगा शाळेतून येईपर्यंत थांबायला त्याला वेळ नाही, आत्ता वाचून दाखवा. पुंजाराम वाकचौरेंचा फोन दुपारी आला.

“दुकानदाराकडून वाचून घेतलं मॅडम. भाड्या मोठ्यानं वाचतो. समद्या गावाला कळलं माझं दूध किती ते. म्हनला, पुंजाराम, एवढ्याशा दुधाला मेसेज कशाला रं?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हननार? हसलो.” मग ते म्हणाले, “आधी आपलं आपल्याला कळत हुतं.”

संध्याकाळपर्यंत एंजेलांचा घसा बसला. गेल्या महिन्याभरात त्या इतकं बोलल्या नव्हत्या. घरी जाताना त्यांनी खडीसाखर घेतली. वाटेत त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला बरं वाटतंय. लोकांना वाचता येत नाही, म्हणून ते फोन करतात. उद्याही करतील. निरोप असाच राहिला, तर रोज करतील.

हा विचार त्यांनी पूर्ण केला आणि त्याचा पुढचा भागही. त्या पुढच्या भागात दुकानदाराच्या ओट्यावर पुंजाराम वाकचौरे हसून उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कानवड्यांकडे वेळ मागितला.

“मराठीतच ठेवू. एका भागात बसवते.”

“सत्तरात? बसेल?”

“बघते.”

नमस्कार गेला. ‘आपले’ गेलं. लिटर, रुपये, रक्कम, सगळं ओळीने गेलं. ‘आज’ काढून तारीख घालावी लागली, कारण पठारावर रेंज नसली की निरोप दुसऱ्या दिवशी पोचतो आणि कुठला ‘आज’ यावर भांडणं होतात. एसएनएफ काढता येईना. दुधातला फॅटखेरीजचा घनांश तो, दर त्यावरही ठरतो. संघाचं नाव काढलं तर पोर्टलवर मंजुरी मिळत नाही, म्हणून त्याची नऊ जागांची किंमत मोजावीच लागली. जास्त दूध घालणाऱ्यांचे आकडे लांब असतात, त्यांच्यासाठी दोन-तीन जागा मोकळ्या हव्यात.

उरलं ते असं: ‘०४/०६ सकाळ दूध ६.४ फॅट ४.१ एसएनएफ ८.५ दर ३३.२० रु २१२.४८ म्हाळुंगी’.

सहासष्ट. संध्याकाळच्या निरोपात ‘सकाळ’ऐवजी ‘सायं’, तेही चारच. त्यांनी शेवटी ‘पुंजाराम’ घालून पाहिलं. पंच्याहत्तर. ते काढून फोन नंबर घातला. सत्त्याहत्तर. दोन्हींपैकी एकही बसत नव्हतं. त्यांनी आणखी काही शब्द फिरवून पाहिले, मग हात थांबवला.

कानवड्यांनी कागद वाचला. “नाव नाही?”

“ज्याच्या मोबाईलवर जातो, त्याला आपलं नाव माहीत असतं.”

“आणि नंबर? शंका असली तर?”

“गावातल्या दूध संस्थेच्या सचिवाला विचारतील. फॅट मोजायचं यंत्र त्याच्याच समोर असतं.”

“इंग्रजी अक्षरांत हे दोन्ही बसत होतं, मॅडम. पैसे तेवढेच.”

“बसत होतं. वाचता येत नव्हतं.”

कानवड्यांनी कागदाची घडी घातली. “तुमचा फोन वाजायचा बंद होईल. सुटलात म्हणा.”

“हो,” एंजेला म्हणाल्या.

नवा मजकूर मंजूर झाला आणि सगळीकडे सुरू झाला. फोन एकदम बंद झाले नाहीत. जुने मेसेज मोबाईलमध्ये होते, त्यांतला नंबर शोधून काही जण करत. नवे मेसेज वर साचत गेले, जुने खाली गेले. कुणी जागा मोकळी करायला पुसले. पुंजाराम वाकचौरेंचा फोन दोन दिवसांआड झाला, मग आठवड्याने, मग आला नाही. श्रावण लागला तेव्हा टेबलावरच्या फोनवर फक्त लेखा विभागाचा शिपाई बोलत असे, तोही ‘साहेब आहेत का’ एवढंच.

बिल तिसऱ्या हिश्श्यावर आलं. संचालकांच्या बैठकीत अभिनंदनाचा ठराव झाला. ठरावात संगणक विभाग असं लिहिलं होतं.

एंजेला सकाळी पडद्यावर आकडे येताना पाहत. वाकचौरेंच्या ओळीवर त्या थांबत. पाच-आठ लिटर. पाच-दोन. चार. तीन-सहा. मग एका सकाळी ती ओळ रिकामी होती. संध्याकाळीही. ज्याचं दूध नाही, त्याला निरोप जात नाही. यंत्रात तशी सोयच आहे.

चौथ्या दिवशी त्यांनी नोंदीतला नंबर पाहून फोन लावला. या टेबलावरून उत्पादकाला फोन करण्याची पद्धत नव्हती. बराच वेळ घंटा गेली.

“कोन?”

“काका, दूध संघातून एंजेला बोलतेय.”

“मॅडम?” आवाज सावध झाला. “काय चुकलं का आमचं?”

“नाही, नाही. तुमचं दूध येत नाही म्हणून विचारलं.”

“गाय आटली, गाभन हाय, शेजारी बांधलीया. येल तिकडं दिवाळीपातूर.” मागे कुणाची तरी लहान पोरं ओरडत होती. “म्या सुप्याला आलोय, पोराकडं. लई गलका हाय हितं.”

“बरं आहे मग.”

“व्हय.”

“आणि नवा मेसेज, तो वाचता येत होता ना?”

“समदं येतं. तारीख, फॅट, पैसं. येका नजरंत कळतं. लई झ्याक केलंय.” मग त्यांनीच समजावून सांगितलं, “म्हनून तर फोन न्हाई केला. इचारायला काय उरलंच न्हाई.”

एंजेलांनी रिसिव्हर दुसऱ्या कानाला लावला. काही विचारावं म्हणून त्या शब्द शोधत होत्या. फॅट नव्हतं, दर नव्हता, एसएनएफ नव्हतं.

“मॅडम, आजून काय हुतं का?”

“नाही काका.”

“ठिवू मग?”

“ठेवा.”

पलीकडे पोरांचा गलका क्षणभर मोठा झाला आणि बंद झाला. पडद्यावर सकाळच्या दुधाचे आकडे भरत आले होते. त्यांनी पाठवण्याचं बटण दाबलं. अकरा हजारांतून एक वजा, प्रत्येकाला एक भाग.