पाच मिनिटं जास्त

चर्चासत्राला आठ दिवस राहिले होते आणि चिंतामण माईणकरांच्या फोनवर रोज तीस-चाळीस ईमेल येऊन पडत होत्या. कुणाला राहायची सोय हवी होती, कुणाला प्रमाणपत्रावर नावापुढे डॉक्टर हवं होतं, एकाने तर जेवणात वांगं नको म्हणून कळवलं होतं. माईणकर सांगलीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे. वय बावन्न, वीस वर्षं नोकरी, आणि अशी सत्रं भरवण्यात हात बसलेला. ‘एकोणीसशे चाळीसचं दशक आणि दक्षिण महाराष्ट्र’ हा विषय त्यांनीच सुचवला होता, म्हणून समन्वयकाचं जू त्यांच्याच मानेवर आलं होतं. त्या ढिगात पद्मा जगदाळेची ईमेल होती. कराडच्या कॉलेजात एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी. ईमेल लहान होती, आणि शुद्धलेखन बरं होतं म्हणून माईणकरांनी ती पुरती वाचली.

‘आदरणीय सर, माझ्या निबंधासाठी दहा मिनिटे ठरली आहेत. कृपया पंधरा मिळावीत. कारणे दोन. माझा निबंध आमच्या गावच्या एका सैनिकावर आहे. तो १९४३ मध्ये भरती झाला आणि परत आला नाही. तो पळून गेला असे गाव आजही मानते. इटलीतील युद्धस्मारकाच्या यादीत मला त्याची नोंद सापडली आहे. त्याच्या पत्नी श्रीमती हरणाबाई, वय ८९, ही नोंद ऐकायला स्वतः येणार आहेत, सोबत गावातील एक वडीलधारी व्यक्तीही. दुसरे, हरणाबाई पतीचे नाव घेत नाहीत, त्यामुळे ते मलाच वाचावे लागेल, आणि कमी ऐकू येत असल्याने सावकाश वाचावे लागेल. टाचण सातवरून चार मुद्द्यांवर आणले आहे: १. स्मारकाच्या यादीतील नोंद, जशीच्या तशी (४ मि.). २. ती इतकी वर्षे का सापडली नाही (३ मि.). ३. साधने व पद्धत (४ मि.). ४. त्या वर्षांतील भरतीची पार्श्वभूमी (४ मि.). आणखी कापायला सांगितलेत तर कापीन. आपली विद्यार्थिनी, पद्मा जगदाळे.’

माईणकरांना बरं वाटलं. मागण्या करणारे पुष्कळ, स्वतःहून कापून आणणारी ही एकच. त्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं: पंधरा मिनिटं मंजूर. मात्र मुद्द्यांचा क्रम उलटा लागला आहे. आधी पार्श्वभूमी, मग साधने व पद्धत, मग कारणमीमांसा आणि शेवटी नोंद, असा शास्त्रशुद्ध क्रम ठेवावा. निष्कर्ष आधी सांगून टाकू नये.

गेली वीस वर्षं ते प्रत्येक विद्यार्थ्याला हेच सांगत आले होते. बोट सवयीने चाललं आणि ईमेल गेली. मुलीचं लगेच उत्तर आलं, ‘होय सर, धन्यवाद.’

चर्चासत्राच्या दिवशी उद्घाटन दहाला होतं. पाहुण्यांची गाडी कोल्हापूरहून निघायलाच साडेनऊ झाले होते. ते आले अकराला. मग दीपप्रज्वलन, मग वात विझली म्हणून पुन्हा दीपप्रज्वलन, मग सत्कार. शाली कमी पडल्या तेव्हा आधी दिलेल्यांतली एक मागच्या दाराने परत आणावी लागली. पाहुणे दहा मिनिटं बोलणार होते, ते पन्नास मिनिटं बोलले, आणि त्यातली निम्मी आपल्या अमेरिकेच्या दौऱ्यावर. त्यांना चिठ्ठी कोण देणार? माईणकर खुर्चीच्या काठावर बसून घड्याळ बघत राहिले. तेवढी छाती त्यांची नव्हती, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

साडेबाराला पहिलं सत्र लागलं. सहा निबंध आणि दीडला जेवण. आचारी दोनदा येऊन विचारून गेला होता. माईणकरांनी माइकवर सांगितलं, प्रत्येकाला सात मिनिटं, सहाव्या मिनिटाला एक घंटा, सातव्याला दुसरी. घंटा त्यांच्याच पुढ्यात होती.

घोषणा होताच पद्मा त्यांच्याजवळ आली. अंगात आईची असावी अशी जरा सैल साडी, हातात त्यांच्या ईमेलचा छापील कागद. तिने तो नुसता पुढे धरला. माईणकरांना पंधरा मिनिटं आठवली. पण एकीला पंधरा आणि पाच जणांना सात म्हटलं की ते पाच जण जेवणाच्या रांगेत गळा धरणार, हेही दिसलं. ते म्हणाले, सुरुवात तर करा, बघू, शेवटी दोन मिनिटं इकडेतिकडे करू. तिने विचारलं, नोंद आधी वाचू का? ते फाइल चाळत होते. आता ऐन वेळी क्रम नका बदलू, गोंधळ होईल, असं म्हणून ते मोकळे झाले.

पहिल्या रांगेत हरणाबाई बसल्या होत्या. नऊवारी, कपाळ मोकळं, उजवा हात कानामागे. ध्वनिक्षेपकाचा आवाज मोठा होता, पण त्यांच्यापर्यंत तो नुसता गलका होऊन येत असावा. कारण लोक टाळ्या वाजवायचे तेव्हा त्या दचकून बघायच्या आणि मग स्वतःही वाजवायच्या. शेजारी भाऊसो, भावकीतला सत्तरीचा माणूस, पांढऱ्या टोपीतला. गावाने त्याला ऐकून यायला पाठवलं होतं. हरणाबाईंनी पद्माला बजावलं होतं, आधी कुणापुढे चकार शब्द काढायचा नाही, जे सांगायचं ते सभेत सांगायचं. त्यामुळे भाऊसोला काहीच ठाऊक नव्हतं.

पद्मा चांगलं बोलली. भरतीचे मेळावे, सातारच्या रस्त्याने गेलेल्या लॉऱ्या, महागाई, घरातली भांडणं. मग साधनं, मग पद्धत. ती एकेक वाक्य गिळत पळत होती, आणि माईणकरांना कळत होतं की ती त्यांनी घालून दिलेल्या वाटेनेच पळते आहे. सहाव्या मिनिटाला त्यांनी घंटा वाजवली. ती तिसऱ्या मुद्द्यावर आली. सैनिकाने भरती होताना मामाच्या गावाचा पत्ता दिला होता, त्यामुळे तार तिकडे गेली आणि तिकडेच राहिली, एवढं तिने नाव न घेता एका दमात सांगितलं. सत्राच्या अध्यक्षांनी घड्याळाकडे बघून माईणकरांकडे बघितलं.

“सर, आता फक्त नाव,” पद्मा म्हणाली.

तिचा हात कागद उलटत होता. एक पान दुसऱ्याला चिकटलं होतं. माईणकरांच्या मनात आलं, थांबावं. नुसतं बसून राहायचं होतं, अर्धं मिनिट. पण मागे दारात आचारी उभा होता, अध्यक्ष बघत होते, आणि हात सवयीचा होता. त्यांनी दुसरी घंटा वाजवली. अध्यक्ष माइक ओढून म्हणाले, आशय पोहोचला आहे, बाकी निबंध आपण छापील स्वरूपात वाचूच, धन्यवाद. टाळ्या झाल्या. हरणाबाईंनीही वाजवल्या, इतरांपेक्षा थोड्या जास्त वेळ.

जेवणाची रांग लागली तेव्हा माईणकर व्हरांड्यात आले, तर हरणाबाई खांबाला टेकून बसलेल्या. त्यांनी ओळखलं, हा घंटेवाला मास्तर. हाताने जवळ बोलावलं.

“गुरुजी, घेतलं न्हवं नाव? मला ऐकू येत न्हाई नीट. टाळ्या झाल्या तवा म्या म्हनलं घेतलं.”

म्हातारीच्या तोंडावर एवढं समाधान होतं की खरं सांगायला माईणकरांचं मन धजेना.

“घेतलं,” ते म्हणाले. मग तिला ऐकू गेलं नसेल म्हणून आणखी मोठ्याने म्हणाले, “घेतलं, आजी.”

भाऊसो हात धुऊन टोपी सारखी करत येत होता. त्याने ते ऐकलं. तो कुचका माणूस नव्हता, खरं ते बोलणारा होता.

“कवा घेतलं वो? म्या म्होरंच बसलो हुतो. पोर लय चांगली बोलली, पन आमच्या मानसाचं कायच निघालं न्हाई. म्या घरातनं निघतानाच म्हनलं हुतं, काय असतं तर आजवर कळालं नसतं व्हय?”

तेवढ्यात पद्मा आली. डोळे धुऊन आली होती, पदर ओला होता. तिने भाऊसोला सगळं सांगितलं. नोंद आहे, तो लढाईत मेला, पळाला नव्हता. भाऊसो मान हलवत राहिला. आजारी माणसाला बरा होशील म्हणतात तेव्हा आपण हलवतो, तशी. मघा माइक हातात होता की, मग तिथं का न्हाई बोललीस, एवढंच त्याने विचारलं. पद्माने माईणकरांकडे बघितलं, पण त्यांचं नाव घेतलं नाही. तिचं हे झाकून नेणं त्यांना शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

“खरं आहे ते,” माईणकर म्हणाले. “मी वाचलं आहे. चूक माझी, मी वेळ दिली नाही.”

“तुमी वाचलंय?” भाऊसो पुढे आला. “मग बास की, सायेब. तुमी म्हनाल त्ये गाव मानंल. नाव काय घाटलंय तितं? पोरीनं नगं, तुमी सांगा.”

माईणकरांनी फोन काढला. ईमेल लगेच सापडली. पहिला मुद्दा, स्मारकाच्या यादीतील नोंद, जशीच्या तशी, चार मिनिटे. त्यांनी ती वर-खाली केली, पुन्हा केली. नाव नव्हतंच. टाचण छाटताना मुलीने ते त्या चार मिनिटांसाठी राखून ठेवलं होतं. पूर्ण निबंध त्यांच्याकडे महिनाभर पडून होता, तो त्यांनी उघडला नव्हता. वर मान करून ते म्हणाले, नाव आत्ता माझ्याजवळ नाही.

भाऊसोने टोपी काढून झटकली, पुन्हा घातली आणि जीपवाल्याला हाक मारायला गेला.

हरणाबाई एकेकाचं तोंड बघत होत्या. शब्द ऐकू आले नसतील, पण नव्वदीला टेकलेल्या बाईला तोंडं वाचता येतात. पद्मा त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसली. हातातलं ते चिकटलेलं पान तिने सोडवलं आणि म्हातारीच्या कानाशी तोंड नेलं. हरणाबाईंनी तिच्या ओठांवर हात ठेवला.

“मला कशाला सांगतीस गं? मला ठावं हाय त्येंचं नाव. लोकास्नी सांगायचं हुतं.”

त्या खांबाला धरून उठल्या. माईणकर आधार द्यायला पुढे झाले, तर त्यांनी तो घेतलाही. मास्तरावर राग धरायचा असतो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. जीपमध्ये भाऊसो पुढे बसला, दोघी मागे. पद्माने जेवण घेतलं नाही, प्रमाणपत्रही नेलं नाही.

जीप फाटकाबाहेर गेली. आचाऱ्याने येऊन विचारलं, दुसरं सत्र कधी लावायचं, मंडळी आइस्क्रीमवर आहेत. माईणकर म्हणाले, सावकाश होऊ द्या, वेळ आहे.