साडेएकतीस मिनिटं

हृदयविकाराच्या झटक्यानंतर बाबा घरी आले आणि महिनाभरातच त्यांनी दोरी शोधायला घेतली. ते मुष्टियुद्ध शिकवायचे. त्यांच्या व्यायामशाळेत एक नियम होता आणि तो त्यांनीच केलेला होता: वीस मिनिटांत दोरीवरच्या हजार उड्या पुऱ्या केल्याशिवाय कुणी रिंगणात उतरायचं नाही. मग तो शिकणारा असो की शिकवणारा. मिनिटाला शंभर उड्या म्हणजे दहा मिनिटं. शंभराचे दहा टप्पे, मधे नऊ वेळा एक मिनिट विश्रांती. एकूण एकोणीस. नवी पोरं दहा विश्रांत्या मोजायची आणि बाबा म्हणायचे, शेवटच्या टप्प्यानंतर कसली विश्रांती, त्यानंतर घरी जायचं.

आता परत जायचं तर त्यांनाही त्याच नियमातून जावं लागणार होतं. कुणी अडवलं नसतं, पण ऐकतील तर ते बाबा कसले.

डॉक्टर आधी नुसतं चाला म्हणाले. बाबांनी त्यांच्याशी भाजीवाल्याशी करावी तशी घासाघीस केली. अखेर ट्रेडमिलवरची तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी अट घातली: मिनिटाला ऐंशीच्या वर जायचं नाही, पन्नास झाल्या की थांबायचं आणि पूर्ण एक मिनिट बसायचं. म्हणजे उड्यांची साडेबारा मिनिटं, वीस टप्प्यांमधल्या विश्रांतीची एकोणीस. साडेएकतीस.

आई रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघत बसायची. बाबा गच्चीवर. जिन्यावरून ओरडून सुरुवात सांगायचे आणि शेवटही.

दुसऱ्या आठवड्यात एकदा ते बाविसाव्या मिनिटालाच शेवट ओरडले. आईला वाटलं, तब्येत सुधारली. मी वरच्या खोलीत, गच्चीच्या बरोबर खाली काम करत होते. उड्यांचा वेग तर तोच होता. मग उरलेली साडेनऊ मिनिटं एकोणीस विश्रांत्यांत वाटली की अर्धंच मिनिट येतं. मी खाली जाऊन तसं म्हटलं.

“माझंच गणित माझ्या गळ्यात घालतेस होय?” ते हसले. आई हसली नाही. ती इतकंच म्हणाली की पुन्हा असं झालं तर दोरी चुलीत जाईल. घरात चूल नव्हती, पण धमकी पोचली.

त्यानंतर रोज साडेएकतीस. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. आईचा जीव भांड्यात पडला. तीस वर्षं घड्याळावर चालणाऱ्या माणसाच्या संसारात काढलेली बाई ती. आकडा जुळला की तिच्या लेखी प्रश्न मिटायचा. माझ्याही. मी काम शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कचेरीतून करू लागले होते आणि सकाळी लवकर निघायचे.

एका रविवारी घरी होते. वरून दोरीचा आवाज येत होता: सट्, मग पायांची धप्प, मग जरा उशिराने पुन्हा सट्. ऐकताना काहीतरी खुपलं. हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि मोजलं. पन्नास उड्यांना पूर्ण एक मिनिट लागलं. मग शांतता झाली. ती छत्तिसाव्या सेकंदाला संपली.

पुढचा टप्पाही मोजला. तेच. उड्यांना वीस मिनिटं, विश्रांतीला साडेअकरा. बेरीज तीच येत होती.

त्यांचे पाय आता ऐंशीला पोचत नव्हते. खाली आम्हाला कळू नये म्हणून वेग घटल्यामुळे वाढलेला वेळ ते विश्रांतीतून भरून काढत होते. जितकं थकावं तितकं कमी बसायचं, असा तो हिशेब होता.

मी धावत वर गेले. बाबा पाण्याच्या टाकीला टेकून उभे होते, बसलेले नव्हते. ओठांचा रंग गेला होता. नजर मनगटावर होती.

“आठ सेकंद आहेत अजून,” ते म्हणाले.

“बाबा, दोरी द्या.”

“तीनच टप्पे राहिलेत गं. तुझ्या आईला वेळ चुकलेली दिसेल.”

मी दोरी ओढून घेतली. त्यांच्या हातात ती धरून ठेवण्याइतकंही बळ नव्हतं, आणि तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. त्यांना खाली बसवलं, जिन्यातून आईला हाक मारली, रुग्णवाहिकेला फोन केला. आई वर येईपर्यंत ते माझ्याकडे एकटक बघत राहिले. रागाने नाही. पकडल्या गेलेल्या माणसासारखे.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, दम लागायला कधीपासून लागला. आई लगेच म्हणाली, छे, दम कुठला, रोज बरोबर साडेएकतीस मिनिटांत व्हायचं त्यांचं. पलंगावरून बाबांनी मान हलवली.

“पंधरा दिवस झाले,” ते म्हणाले. मग आईकडे वळून, अगदी हळू, “तू बरोबर बघत होतीस. मीच जुळवत होतो.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि आम्हा दोघींना बाहेर बोलावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा गेले.

व्यायामशाळेतली मुलं भेटायला आली, तेव्हा त्यांनी आईला विचारलं की सर शेवटपर्यंत हजार मारत होते का. आईने माझ्याकडे पाहिलं.

“नाही,” मी म्हणाले. “साडेआठशेला थांबवलं मी त्यांना.”