आठळ्यांचं कच्चं पीठ

घरात मला तोफ म्हणतात. नाव ठेवलं ते आमच्या ह्यांनी, आणि पसरवलं माझ्या जाऊबाईने. ती कधी आवाज चढवत नाही, म्हणून तिला कोणी काही नाव ठेवलेलं नाही. तेवीस वर्षं आम्ही एका स्वयंपाकघरात काढली आणि गेली सहा वर्षं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फळं सुकवण्याचा धंदाही एकत्र करतो. हे सगळं सांगते आहे ते तिचे उपकार मानण्यासाठी. तोंडावर मला जमत नाही.

आमच्याकडे एक मोठा ड्रायर आहे. कपाटासारखा, आत जाळीच्या ट्रे, मागून गरम हवेचा पंखा. अंश किती ठेवायचे ते मला तोंडपाठ आहे. फळाच्या फोडी पंचावन्न ते साठवर ठेवायच्या, म्हणजे रंग जात नाही आणि करपतही नाहीत. फणसाच्या हंगामात आम्ही हाताला तेल चोपडून गरे काढतो, पट्ट्या करतो, सुकवतो आणि पाकिटं भरतो. मागे उरतात आठळ्या. फणसाच्या ह्या बिया दर वर्षी आम्ही पिंपं भरभरून टाकून देत होतो. थोड्या उकडून मीठ लावून खायचो, पण एवढ्या कोण खाणार!

ह्या वर्षी मुलींच्या वसतिगृहातल्या मुख्य स्वयंपाकीणबाई पट्ट्या घ्यायला आल्या होत्या. सहज म्हणाल्या, "सकाळी मुली नुसत्या दुधावर पळतात. दुधात घालायला काही पौष्टिक मिळालं तर बरं होईल. शिजवायची कटकट नको, नुसतं कोमट दुधात ढवळलं की झालं पाहिजे." माझ्या डोक्यात लगेच दिवा पेटला. मी सांगून टाकलं, "आठळ्यांचं पीठ देते. शुक्रवारी या. दोन पोती तयार ठेवते."

दोनशे मुली. रोज सकाळी. ही ऑर्डर मिळाली तर शेड वर्षभर चालली असती. फक्त हंगामापुरता धंदा करायचा आणि बाकीचे महिने ड्रायरवर चादर घालून ठेवायची, ह्याचा मला वीट आला होता.

मी कामाला लागले. आठळ्या धुऊन त्यांच्यावरचा बुळबुळीतपणा घालवला, सुरीने दोन-दोन तुकडे केले आणि ट्रेवर पसरून ड्रायरमध्ये लावल्या. एक रात्र आणि एक अख्खा दिवस. बाहेर काढल्या तेव्हा कशा कडकडीत! पांढरं टरफल आपोआप सुटत होतं. दाताखाली धरली तर कटकन मोडली. चक्कीवर पीठही झकास पडलं, हलकं पिवळट.

जाऊबाईने चिमूट जिभेवर ठेवली. "जरा तुरट लागतंय. उकडल्या होत्यास का गं ताई आधी?"

"चोवीस तास गरम हवेत होत्या त्या! अजून काय करू, चिता पेटवू?"

मला वाटलं, विषय संपला. मी दोन्ही पोती शिवून टाकली आणि थोडं पीठ नमुना म्हणून बरणीत ठेवलं.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी शेडचं दार उघडलं, तर ही बाई पोत्यांवर बसलेली. उकिडवी, गुडघ्याला हाताची मिठी घालून.

"उठ, बाई अकराला येतील."

"ताई, हे पीठ द्यायचं नाही."

"का?"

"बुधवारी सकाळी मी दोन मोठे चमचे कोमट दुधात घालून प्यायले. दुपारपर्यंत पोट असं फुगलं की साडी सैल करावी लागली. मग कळा. काल परत प्यायले. परत तेच."

मी आधी हसले आणि मग चिडले. "तुझं पोट म्हणजे काय गं, सरकारी प्रयोगशाळा आहे का? काहीतरी दुसरं खाल्लं असशील."

"दोन्ही दिवस दुसरं काहीच नवीन खाल्लं नाही. मुद्दाम."

"तुला ही ऑर्डर नकोच आहे!" आता हे मी का बोलले, देव जाणे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघितलं. पोत्यांवरून मात्र उठली नाही. माझा संताप मस्तकात गेला. मी घरातून ग्लासभर कोमट दूध आणलं, बरणीतलं पीठ तीन चमचे घातलं, तिच्यासमोर ढवळलं आणि एका दमात प्यायले. वर म्हणाले, "बघ. मेले का?"

नाही मेले. साडेनऊला फक्त ढेकरा आल्या. दहाला पोटात गुरगुर सुरू झाली, इतकी मोठी की शेजारच्या चक्कीवाल्याने खिडकीतून विचारलं, कसला आवाज येतोय. साडेदहाला पोट ढोलासारखं ताठ. जाऊबाईने काही विचारलं नाही, तरी मी सांगितलं, "ऊन जास्त आहे आज." ती "हो" म्हणाली. शेडमध्ये ऊन येत नाही.

अकराला स्वयंपाकीणबाई टेम्पो घेऊन आल्या. मी टेबलाला धरून उभी होते आणि कपाळाला घाम होता. त्यांनी विचारलं, "तब्येत बरी नाही का?" आणि खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आलं की काही नाही म्हणावं. पोती चढवावीत. माझ्या पोटात काय चाललंय ते कोणाला दिसणार होतं! दोन पोती गेली की सुटले.

तेवढ्यात पोटात असा पीळ पडला की मी खाली स्टुलावर बसले. मला दिसल्या त्या दोनशे मुली. सकाळी साडेसहाची घंटा, हातात पेले, आणि दहा वाजता वर्गात पोट धरून बसलेल्या. त्यांच्यातली एखादी लाजेने कोणाला सांगणारही नाही. बाई मला काय बोलल्या असत्या हा पुढचा प्रश्न होता. आधी त्या मुली.

"बाई," मी म्हणाले, "पोती देत नाही. माझं चुकलंय. नेमकं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही, पण चुकलंय."

बाईंनी टेम्पोवाल्याला थांबायला सांगितलं. मग म्हणाल्या, "चला, कळून घेऊ." स्टूल ओढून बसल्या. ड्रायर घेतला तेव्हा आम्हाला आठ दिवस शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंना मी फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

मास्तरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ड्रायर किती अंशांवर होता?"

"साठ."

"मग सुकल्या, शिजल्या नाहीत. दोन्हींत फरक आहे. आठळ्या खायला चांगल्या असतात, पण कच्च्या नाहीत. कच्च्या आठळीत काही द्रव्यं असतात, ती आपल्या पोटातल्या प्रथिनं पचवणाऱ्या रसाला काम करू देत नाहीत. म्हणून पोट जड होतं, वायू धरतो, कळा येतात. उकडल्या किंवा चांगल्या भाजल्या की त्या उष्णतेने ही द्रव्यं निकामी होतात. साठ अंशांच्या हवेने फक्त पाणी उडतं, ती तशीच राहतात."

"आणि मी ते दुधात द्यायला निघाले होते," मी म्हणाले.

"हो ना. दुधातली प्रथिनं अंगी लागावीत म्हणून दूध द्यायचं आणि त्याच पेल्यात ती नीट पचू न देणारं पीठ ढवळायचं!" त्या हसल्या. आमच्यापैकी कोणी हसलं नाही. "घाबरू नका, हे विष नव्हे. संध्याकाळपर्यंत बरं वाटेल. पीठ फेकूही नका, घरी भरपूर पाणी घालून नीट शिजवून वापरा. पण कोमट दुधात ढवळायला ते चालणार नाही. आधी उकडा, मग सुकवा."

स्वयंपाकीणबाई उठल्या. मला वाटलं, आता टेम्पो रिकामा जाणार आणि पुन्हा येणार नाही. त्या म्हणाल्या, "आठ दिवसांनी येते. पण मी इथेच पिऊन बघणार, आणि तीन तास इथेच बसणार."

"बसा की," जाऊबाई म्हणाली, "जेवायलाच या."

पुढचे आठ दिवस आम्ही दोघी घामाघूम. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळलं की आठळ्या टाकायच्या आणि अर्धा तास झाला की एक काढून बोटांत दाबून बघायची. मऊ होऊन फुटली म्हणजे झाली. मग टरफल सोलायचं, चकत्या करायच्या, आणि तेव्हा कुठे ड्रायर. थोड्या भाजूनही पाहिल्या. जाऊबाई म्हणाली, "प्रत्येकीला चीर दे गं, नाहीतर उडतील." मी एका मुठीला चीर द्यायची विसरले. एक आठळी फट्कन उडाली आणि माझ्या चष्म्यावर आपटली. जाऊबाई इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मीही हसले. आमचं असं हसणं फार दिवसांत झालं नव्हतं.

पीठ ह्या वेळी थोडं तपकिरी आलं, वासाला खमंग, आणि तुरटपणा गेलेला. आम्ही दोघींनी तीन दिवस प्यायलं. पोटांनी चकार शब्द काढला नाही. शुक्रवारी स्वयंपाकीणबाई आल्या, प्यायल्या, जेवल्या आणि बाजेवर एक झोप काढली. उठल्यावर म्हणाल्या, "चढवा पोती." जाताना विचारलं, "तपासणी कोण करतं तुमच्याकडे?"

"ही," मी म्हणाले. "स्वतःच्या पोटावर."

टेम्पो गेल्यावर मी ट्रे धुवायला घेतल्या. जाऊबाई बाजूला पुसायला उभी राहिली. एक गोष्ट मला आठ दिवस टोचत होती. ती मी विचारली.

"बुधवारीच तुला कळलं होतं, हे पीठ पचत नाही. मग गुरुवारी परत का प्यायलीस?"

ती ट्रे पुसत राहिली. "एकदाच झालं असतं तर तू म्हणाली असतीस, दुसरंच काहीतरी खाल्लं असशील. ऐकलं नसतंस."

"दोनदा झाल्यावरही नाहीच ऐकलं."

"हो. ते ठाऊकच होतं, म्हणून त्या शुक्रवारी सकाळी पोत्यांवर बसायचं ठरवूनच आले होते. तू मारलं असतंस तरी उठले नसते."

पुन्हा दुखणार हे ठाऊक असून, केवळ माझ्या तोंडाच्या भीतीपोटी, तिने तो दुसरा पेला प्यायला होता. मी ट्रे बाजूला ठेवली, ओले हात तसेच, आणि तिला जवळ घेतलं. म्हणाले, "ह्यापुढे एकदा सांगितलंस तरी पुरे. मी ऐकेन."

"साडी भिजली ताई," ती म्हणाली. पण बाजूला झाली नाही.