एकाहत्तर की चाळीस

क्वालिटीवाला स्वतःहून लॅबमध्ये आला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या विभागातली माणसं आमच्याकडे वर्षातून दोनदा येतात, तीही चुका काढायला. हा मात्र हसत आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या लेबलांच्या कल्पनेबद्दल ऐकलं. या गुरुवारी मॅडमसमोर मांडा की."

मी विचारलं, "कुणाकडून ऐकलंत?"

"असंच. कॅन्टीनमध्ये."

कॅन्टीनमध्ये मी फक्त चहा पिते. तिथे कामाचं बोलत नाही, आणि त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी नळ्या ठेवायच्या रॅकची एक साधी सोय मी सुचवली होती. पुढच्याच महिन्यात आमच्या लॅबप्रमुखांनी ती लॅबच्या मीटिंगमध्ये स्वतःच्या नावावर मांडली, टाळ्या घेतल्या आणि मला म्हणाले, "बघा, जमलं की आपलं." आपलं म्हणे. तेव्हापासून माझ्या कपाटाला कुलूप असतं, आणि तोंडालाही.

पण या वेळची गोष्ट रॅकची नव्हती. आमच्या हॉस्पिटलात रक्ताच्या नळ्यांवर लावायची लेबलं नर्सिंग काउंटरवर छापतात. सगळ्या पेशंटची एकदम. मग ती ट्रेमध्ये घालून सिस्टर खाटांकडे जाते, रक्त घेते, लेबल चिकटवते. मध्येच कुणी हाक मारली, फोन वाजला, की याचं लेबल त्याच्या नळीवर. लॅबमध्ये फॉर्म आणि लेबल जुळत नाही, नमुना बाद होतो, आणि त्या बिचाऱ्या पेशंटला पुन्हा सुई. चार महिने मी रोज बाद नमुन्यांचं रजिस्टर उघडून मोजलं होतं. एकाहत्तर. त्यातल्या एका म्हातारबाबांच्या हाताची शीर सापडत नव्हती. दुसऱ्यांदा रक्त घ्यायला सिस्टरसोबत मीच गेले होते. त्यांनी नुसता दुसरा हात पुढे केला. ते मला अजून सहन होत नाही.

उपाय सोपा होता. खाटेपाशीच पेशंटच्या मनगटावरची पट्टी वाचून तिथल्या तिथे लेबल छापणारं हातातलं यंत्र. हे मी फक्त त्या सिस्टरला एकदा बोलले होते. एक कंपनी दोन यंत्रं सहा आठवडे वापरून बघायला द्यायला तयार होती. अडचण एकच, काम वॉर्डातल्या सिस्टरांनी बदलायचं आणि सांगणार लॅबवाली. नर्सिंगप्रमुख मला दारातून आत तरी घेतील का? त्यासाठी वरच्या कुणाचा तरी हात पाठीवर हवा. तो हात म्हणजे मॅडम, सगळ्या हॉस्पिटलचा कारभार बघणाऱ्या. आणि कंपनी यंत्रं महिनाअखेर दुसऱ्या हॉस्पिटलला देणार होती. म्हणजे हाच गुरुवार, नाहीतर राहिलंच.

मॅडमना आम्ही मागे घड्याळबाई म्हणतो. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, दोन मीटिंगांच्या मधे, त्या कुणाचंही दोन मिनिटं ऐकतात. मांडणाऱ्यानं उभं राहायचं. टेबलावर फोनचा टायमर लावलेला. तो वाजला की वाक्य अर्धं असलं तरी संपलं.

क्वालिटीवाला वही काढून बसला. "किती नमुने बाद झाले? कुठल्या वॉर्डात सुरुवात करायची? मला चिठ्ठीसाठी एक आकडा लागतो."

कसली चिठ्ठी? लॅबमधून आजवर कुणी मॅडमसमोर मांडायला गेलेलंच नव्हतं, मला काय माहीत. मला तो सरळ बहाणा वाटला. खरा आकडा हातात पडला की हा आयत्या पिठावर रेघोट्या मारणार, आणि मी बसणार टाळ्या वाजवत. मी म्हटलं, "चाळीस असतील." वॉर्डचं नाव सांगितलंच नाही. चाळीसवर कुणाची डाळ शिजणार नव्हती, असा माझा हिशेब.

त्यानं चाळीस लिहून घेतलं, थोडा वेळ वहीकडे बघितलं. मग म्हणाला, "आणि एक सांगू का ताई, मॅडमसमोर सुईपेक्षा डिस्चार्जचं बोला. या वर्षी त्यांना पेशंट सकाळी अकराच्या आत घरी पाठवायचेत. नमुना बाद झाला की रिपोर्टला तीन तास उशीर होतो, ते त्यांना लगेच कळेल."

हे ऐकून तर माझी खात्रीच पटली. माझ्या म्हातारबाबांना बाजूला सारून हा मला भलत्याच वाटेला लावतोय. मी मान डोलावली आणि ठरवलं, डिस्चार्जचा ड सुद्धा काढायचा नाही.

घरी नवऱ्याला मॅडम करून स्वयंपाकघरात उभं केलं. मांडायला लागले ते साडेचार मिनिटं. त्यात लॅबचा इतिहास, लेबलांच्या डिंकाचा प्रकार, सगळं आलं. नवरा ओट्याला टेकून जांभई देत म्हणाला, "अगं, पण मी नेमकं करायचं काय? ते सांगितलंच नाहीस."

खरंच की. मी इतिहास उडवला, डिंक उडवला, आधी त्रास सांगितला, मग उपाय, आणि शेवटी मागणं एका वाक्यात. एक मिनिट पन्नास सेकंद. नवरा म्हणाला, "हे चांगलं झालं. क्वालिटीवाल्याला ऐकवलंस?"

"मुळीच नाही. तोच तर घात करणार आहे."

"त्यानं काय केलंय तुझं?"

"अजून काही नाही. म्हणून तर."

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. "तुला कुणी पत्ता विचारला तरी तू आधी त्याचे खिसे बघशील." मला राग आला.

गुरुवारी मॅडमच्या खोलीत गेले तर क्वालिटीवाला आधीच कोपऱ्यात उभा. हा इथे कशाला? मॅडमनी वर न बघता टायमर लावला. "बोला."

"मॅडम, गेल्या चार महिन्यांत आपल्याकडे एकाहत्तर पेशंटना दुसऱ्यांदा सुई टोचली. आजारासाठी नाही, नळीवरचं लेबल चुकलं म्हणून." त्यांनी मान वर केली. मी बोलत गेले. लेबलं काउंटरवर छापतात, रक्त खाटेशी घेतात, गोंधळ मधल्या वाटेत होतो. दोन यंत्रं, एक वॉर्ड, सहा आठवडे. बाद नमुने निम्म्यावर आले नाहीत तर यंत्रं परत. "तुमच्याकडून एकच हवं. नर्सिंगप्रमुखांना तुमच्या सहीचं पत्र. महिनाअखेरच्या आत."

टायमर वाजायला दहा सेकंद होते. माझं मलाच छान वाटलं.

मॅडम म्हणाल्या, "डिस्चार्जवर याचा काही परिणाम?"

"हो मॅडम. एक नमुना बाद झाला की रिपोर्ट तीन तास मागे पडतो."

"मग हे आधी सांगायचं ना." मग त्यांनी टेबलावरचा एक लहानसा कागद उचलला. "प्रत्येकाची चार ओळींची चिठ्ठी क्वालिटीकडून मला आदल्या दिवशी येते. यात चाळीस लिहिलंय. तुम्ही एकाहत्तर म्हणालात. खरं कुठलं?"

तर चिठ्ठी होती. खरीच होती. ती मॅडमसाठीच होती आणि वर माझंच नाव होतं, एकट्या माझं. मला ते उलटं दिसत होतं तरी वाचता आलं. मी त्या कागदाकडे बघत राहिले.

कोपऱ्यातून आवाज आला. "माझी चूक, मॅडम. मी उतरवताना चुकलो."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. "लेबलांवरच्या चुका थांबवायचा प्रकल्प, आणि तुम्ही आकडाच चुकीचा उतरवता? मग या कामापासून तुम्ही लांब राहिलेलं बरं. पत्र मी देते. ताई, तुम्ही—"

झालं होतं. पत्र मिळालं, काम माझं, आणि ज्याची भीती होती तोही वाटेतून दूर. फक्त गप्प बसायचं होतं. आणि खोटं का बोलू, एक श्वासभर मी गप्प बसलेही. पण त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. कान लाल झाले होते. तरुण माणूस, मॅडमसमोर न केलेल्या चुकीसाठी मान खाली घालून उभा.

"मॅडम, त्यांनी बरोबर उतरवलं," मी म्हटलं. "चाळीस मीच सांगितलं. मुद्दाम. ते माझं काम स्वतःच्या नावावर करतील असं मला वाटलं. एकाहत्तर खरं आहे, रजिस्टर बघा."

टायमर केव्हाच वाजून गेला होता. मॅडमनी तो बंद केला. एवढ्या शांतपणे माझ्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं.

"पत्र देते," त्या म्हणाल्या. "काम चांगलं आहे. पण यात लॅब, नर्सिंग, क्वालिटी तिघांना एकमेकांना खरे आकडे द्यावे लागणार आहेत. ते तुम्हाला जमत नाही. प्रमुख क्वालिटीचे हे असतील. तुम्ही यांना मदत करा." आणि त्यांनी पुढच्या मीटिंगची फाईल ओढली.

म्हणजे माझं काम त्याच्या नावावर झालं. ज्या गोष्टीची मला तीन वर्षं धास्ती होती, ती मी माझ्याच हातानं करून आले होते.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तो माझ्याबरोबर चालायला लागला. मी म्हटलं, "तुम्ही खोटं का बोललात?"

"ताई, चिठ्ठी पाठवायच्या आधी, मंगळवारी मी रजिस्टर बघितलं होतं. एकाहत्तरच होते. पण तुम्ही चार महिने मोजताय. मला वाटलं, त्यातले काही तुम्ही कारणानं वगळले असतील. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून तुमचाच आकडा लिहिला. तुम्हाला विचारायला हवं होतं, ते चुकलंच माझं."

तुम्हाला खरं सांगते, यावर माझ्या मनात पहिलं काय आलं, तर यानं मला मुद्दाम अडकवलं. माहीत असून चाळीस लिहिलं, म्हणजे सापळाच की. हे मनात यायला मला अर्धा सेकंदसुद्धा लागला नाही. मग मी त्याच्याकडे बघितलं. तो काहीही न मागता माझ्या उत्तराची वाट बघत उभा होता. मला स्वतःची लाज वाटली.

"कुठला वॉर्ड, ते अजून सांगितलं नाहीत तुम्ही," तो म्हणाला.

"तिसरा मजला, पुरुषांचा वॉर्ड," मी म्हटलं. "चला, दाखवते."