अर्धा हत्ती

आमच्या जेवणाच्या टेबलावर सहा दिवस एक अर्धा हत्ती होता आणि आम्ही दोघं सोफ्यावर ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. हत्ती टॅबलेटच्या पडद्यावर होता. टॅबलेटला चार्जर लावलेला होता, पडदा विझू नये अशी सोय केलेली होती आणि बाजूला चिठ्ठी होती : डू नॉट टच. घरात माणसं दोन. म्हणजे ती चिठ्ठी माझ्यासाठीच होती.

झालं असं. चारुदत्त, म्हणजे आमचे हे, रिटायर झाल्यापासून फोनवरच्या कॅसिनोत वीस सेंटचा खेळ खेळतात. कायदेशीर आहे, आमच्या ऑन्टारियो प्रांतात चालतं. आठवड्याला पाच डॉलरच्या वर जात नाहीत, म्हणून मीही फार बोलत नाही. त्या गुरुवारी संध्याकाळी यांनी टॅबलेटवर चक्र फिरवलं. पहिल्या खान्यात हत्ती थांबला, दुसऱ्यात हत्ती थांबला, तिसरं थांबता थांबता इंटरनेट गेलं. तिसऱ्या खान्यात राखाडी रंगाची पाठ दिसत होती. तीन हत्ती म्हणजे चौदा हजार डॉलर.

"सुरेखा, हलू नकोस!" हे ओरडले. मी स्वयंपाकघरात होते. मी हलले तर हत्तीला काय होणार होतं, देव जाणे.

इंटरनेट का गेलं, ते मला माहीत होतं. व्हॅक्यूम लावायला मी मॉडेमचा प्लग काढला होता. त्या क्षणी मी ते बोलले नाही. पुढच्या क्षणीही बोलले नाही, आणि मग उशीरच झाला.

या माणसाने तीस वर्षं इंजिनिअरिंग केलं आहे. लगेच वही निघाली. तारीख, भिंतीवरच्या घड्याळात पाहून वेळ सात चव्वेचाळीस, खेळाचं नाव, पैज वीस सेंट, बाहेरचं तापमान उणे अकरा. पडद्याचे सहा फोटो, त्यातला एक फूटपट्टी लावून. सगळं कंपनीला ईमेल केलं. दोन दिवसांनी उत्तर आलं : आपण कळवलेल्या वेळी, म्हणजे सात चाळीस ते सात पंचावन्न, त्या खेळात बिघाड होता. बिघाड झाल्यास सर्व डाव आणि बक्षिसं रद्द होतात. आपले वीस सेंट खात्यात परत केले आहेत.

"चौदा हजार गिळले आणि वीस सेंट तोंडावर मारले," हे म्हणाले. हे वाक्य यांनी दिवसातून दहा वेळा म्हटलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोफ्यावर जेवले असते. पण पुढच्या शनिवारी विनिपेगला आमच्या ऊर्मीच्या मुलीचं बारसं होतं. बाळंतपणाला तिच्या सासूबाई नागपूरहून आल्या होत्या, माझी पाळी बारशापासून. अठ्ठावन्न दिवस मी नातीला फक्त फोनवर बघत होते. डिंकाचे लाडू डब्यात भरून तयार होते. आणि बुधवारी हे म्हणतात, "तू एकटी जा."

"का?"

"ऑन्टारियोच्या बाहेर ते ॲप ओपन होत नाही. लोकेशन चेक करतात. त्यांचा फोन आला आणि मी तिकडे विनिपेगला, मॅनिटोबात असलो तर?"

मला इतका संताप आला की मी सरळ जाऊन कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं गाणं ऐकलं. मग जयदीप नावाचा तक्रारी बघणारा मुलगा आला. आमची नावं ऐकून तो हिंदीत बोलायला लागला, आणि मी फोन स्पीकरवर टाकला.

"सर, राउंड नंबर बताइए."

"वो कहाँ है?"

"सर, गेम दोबारा खोलिए। हिस्ट्री में मिलेगा."

"खोलूँगा तो हाथी चला जाएगा!"

 जयदीपने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. तुम्ही बटण दाबता त्याच क्षणी निकाल आमच्या सर्व्हरवर ठरतो आणि लिहिला जातो. पडद्यावरची चक्रं नुसता देखावा. नेट तुमच्याकडचं गेलं तर डाव रद्द होत नाही, तो तिथे पूर्ण झालेला असतो. रद्द होतो तो आमच्या खेळातच बिघाड असेल तर. म्हणून आधी खेळ पुन्हा उघडायचा, राउंड नंबर लिहायचा, वेळ, पैज, आधीची आणि नंतरची शिल्लक लिहायची. तापमान नाही लिहिलं तरी चालतं.

"टाइम तो मैंने दिया था. सेव्हन फोर्टी फोर," हे म्हणाले.

आणि माझी नजर भिंतीकडे गेली. आमची सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे असतात. यांची ऑफिसला जायची गो ट्रेन चुकू नये म्हणून वीस वर्षांपूर्वी लावली, ती तशीच.

"अहो, सात चौतीस," मी म्हणाले. "आणि नेट मी घालवलं. मॉडेमचा प्लग मी काढला होता."

यांचा चेहरा असा उजळला की मला शिव्या घालायचं राहूनच गेलं. सात चौतीस म्हणजे बिघाडाच्या सहा मिनिटं आधी! ते कलम लागूच होत नाही! निकाल कायम! यांनी माझा हात धरून हलवला. जयदीप म्हणाला, "तो सर, खोलिए."

यांनी डोळे मिटून पडद्याला बोट लावलं. खेळ बंद झाला, पुन्हा उघडला आणि जुना डाव शांतपणे पूर्ण झाला. हत्ती, हत्ती, पाणघोडा.

राउंड नंबर यांनी बारा आकडी, सुवाच्य अक्षरात लिहिला. जयदीपने पडताळला. "सात चौंतीस, सही है. आपकी कम्प्लेंट सही निकली, सर. मैलफंक्शन नहीं था. तो वो बीस सेंट, जो रिफंड हुए थे... वो वापस लेने पड़ेंगे."

मी इतकी हसले की सोफ्यावर आडवी झाले. हे हसले नाहीत. पण विनिपेगला यायला तयार झाले.

शुक्रवारी रात्री यांनी एक काम केलं. नोंद चुकीची निघाल्याची टोचणी होती, म्हणून घरातली सगळी घड्याळं बरोबर लावली. मला सांगितलं नाही. पहाटे मी भिंतीकडे पाहिलं, सवयीने मनात दहा मिनिटं वजा केली आणि निवांत लाडवांच्या डब्याला दुसरी पिशवी लावली. विमानतळाच्या वाटेवर, चारशे एक नंबरच्या हायवेवर अपघात झाला होता. आम्ही गेटवर पोचलो तेव्हा गेट सात मिनिटांपूर्वी बंद झालं होतं. पुढचं विमान संध्याकाळचं. बारसं दुपारी बाराचं.

मी यांना काहीबाही बोलले. कोणाचं चुकलं ते नऊ दिवसांत पहिल्यांदाच स्पष्ट नव्हतं, म्हणून जास्तच बोलले.

बारसं आम्ही विमानतळाच्या खुर्चीत बसून त्याच टॅबलेटवर पाहिलं. पाळणा, फुगे, ऊर्मीची साडी. बाळाची आत्या कानाशी वाकली, सगळे पुढे सरकले, तिचे ओठ हलले आणि पडदा थिजला. आत्याचं अर्धं उघडं तोंड. बाळाचा एक कान.

मी रडायला लागले. लोक बघत होते, तरी रडले. नाव ठेवताना मी तिथे नव्हते, आणि इथेही नव्हते.

मला वाटलं हे आता म्हणणार, हात लावू नकोस. वही यांच्या मांडीवर होतीच.

"अगं, नाव तिथे ठेवून झालंय," हे म्हणाले. "आपल्याकडे फक्त चित्र थांबलंय." आणि क्षणाचाही उशीर न करता यांनी ते बंद केलं आणि पुन्हा फोन लावला.

ऊर्मी लगेच आली. "आई, ऐकलंस ना नाव?"

"नाही. परत सांग."

तिने बाळाला पडद्याजवळ आणलं, इतकं जवळ की नुसतं नाक दिसत होतं, आणि सांगितलं.

यांनी वहीत नाव लिहिलं. त्याखाली वेळ लिहिण्याआधी मला विचारलं, "तुझ्या फोनमध्ये किती वाजलेत?"