खालच्या ओळीतला कंस

महिरपी कंस खालच्या ओळीत आहे, म्हणून हा कोड सी शार्प. असं म्हणणं म्हणजे मिशा आहेत, म्हणून हा माणूस पोलीस, असं म्हणण्यासारखं आहे. हे मी आमच्या टीम लीडला तोंडावर सांगितलं आणि त्याचा मला जराही पस्तावा नाही.

आमचं काम सांगायला सोपं आहे. स्क्रीनवर कोडचा फोटो येतो, तो कुठल्या भाषेतला ते ओळखायचं आणि त्या भाषेचं बटण दाबायचं. असे ढीगभर फोटो पुढे एका मशीनला शिकवायला जातात. फोटोत `def` दिसलं, ओळीच्या शेवटी कोलन आणि खालच्या ओळी आत सरकलेल्या असल्या, की पायथन. `def` तेच, पण कोलन नाही आणि खाली `end` लिहिलंय, तर रूबी. `let mut` दिसलं की रस्ट. भाषेचे असे ठरलेले शब्द, म्हणजे कीवर्ड, ही साक्ष असते. कंस कुठे टाकायचा आणि ओळ किती आत सरकवायची, ही बरेचदा लिहिणाऱ्याची सवय असते. सवयीवरून संशय घ्यावा, निकाल देऊ नये.

हे सगळं मी माझ्या नणंदेला स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं होतं. ती सासर कायमचं सोडून दोन बॅगा घेऊन आमच्याकडे आली, आणि आल्या दिवशीच म्हणाली, "वहिनी, मला कुणाच्या जिवावर राहायचं नाही. काहीतरी काम शिकव." मी एकीकडे भाजी चिरायचे आणि एकीकडे तिला विचारायचे, "`elif` कुठल्या भाषेत? `elsif` कुठल्या?" ती चिडायची, रडायची आणि पुन्हा बसायची. घराण्याचा हट्टीपणा, दुसरं काय. शेवटी भरतीची परीक्षा पास होऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. पहिल्या दिवशी गळ्यातलं ओळखपत्र तिने घरी येईपर्यंत काढलं नाही.

पण आमच्याकडे एक खोच आहे. रोजच्या फोटोंमध्ये काही फोटो गुपचूप परीक्षेचे असतात, त्यांची उत्तरं आधीच ठरलेली असतात. तीन चुकले की माणूस कामावरून बाहेर. नणंदेचे दोन चुकले होते, आणि ती तिचीच चूक होती. `fun` आणि `func` यांत घाई करून कॉटलिनला स्विफ्ट म्हणाली होती, तेही दोनदा. मी घरी तिला चांगलं झापलं होतं.

त्या सकाळी तिच्या स्क्रीनवर लाल पट्टी आली. तिसरा चुकला होता.

फोटोत एवढंच होतं:

```
for (int i = 0; i < n; i++)
{
    total = total + a[i];
}
```

वरचं कापलेलं, खालचं कापलेलं. रंग नाहीत, फाईलचं नाव नाही. तिने जावा दाबलं होतं. ठरलेलं उत्तर होतं सी शार्प.

टीम लीड आला. आम्ही त्याला पाठीमागे टक्के म्हणतो, कारण तो बायकोला फोन करतानासुद्धा टक्केवारीत बोलत असावा. वयाने माझ्याहून लहान, मनाने वाईट नाही, पण नियम म्हटला की डोकं बाजूला काढून ठेवतो.

"ताई, कंस बघा ना," तो मला म्हणाला. "जावावाले कंस त्याच ओळीत ठेवतात. इथे खालच्या ओळीत आहे. माहितीपत्रकातच लिहिलंय."

तेव्हाच ते मिशांचं वाक्य माझ्या तोंडून गेलं. सगळी रांग खिदळली.

"म्हणजे जावाच बरोबर ना, वहिनी?" नणंदेने आशेने विचारलं.

"नाही. तुझंही चूकच."

तिचा चेहरा पडला. "तू माझ्या बाजूने आहेस की त्यांच्या?"

"फोटोच्या," मी म्हणाले. तिला ते लागलं, ते मला दिसलं. पण खोटं बोलून तिला वाचवण्यासाठी मी तिला शिकवलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडलाच नाही. माझ्या लॅपटॉपवर सी, सी प्लस प्लस, जावा आणि सी शार्प अशा चार भाषांत चार छोटे प्रोग्रॅम लिहिले. वरचं-खालचं ज्याचं त्याचं, पण मधे ह्याच चार ओळी, अक्षरही न बदलता. चारही चालले, बेरीज चारही ठिकाणी एकच आली. मग मी टक्केला बोलावलं आणि साध्या एडिटरमधल्या त्या ओळींचे चार फोटो स्क्रीनवर मांडले, एक लहान, एक मोठा, दोन तिरपेतारपे कापलेले.

"चारही भाषांत हे चालतं, करून बघितलंय. आता ह्या फोटोंवरून कुठला कुठला ते सांगा."

तो आधी हसला. मग रांग बघतेय हे त्याच्या लक्षात आलं आणि तो वाकून बघायला लागला. "हा सी शार्प. ह्यात मोकळी जागा जास्त सोडलीय. हा जावा असावा. आणि हा... जुन्या पद्धतीचा वाटतो, म्हणजे सी."

"नक्की?"

"नव्वद टक्के."

"हा एकच फोटो आहे," मी म्हणाले. "चारदा वेगवेगळा कापलाय."

कुणी हसलं नाही. टक्केचे कान तेवढे लाल झाले. मला त्याची थोडी दया आली, पण माघार घ्यावीशी वाटली नाही.

"जे फोटोत नाहीच, ते तुम्हाला दिसलं," मी म्हणाले. "कारण ओळखलंच पाहिजे असा नियम आहे. उद्या मशीनही असंच ठोकून देईल आणि आपण म्हणू, मशीन किती हुशार."

तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, पटतंय. पण उत्तरं वरून येतात, ती माझ्या हातात नाहीत. एक करता येईल. मी ह्यांना तोच फोटो पुन्हा देतो. ह्यांनी सी शार्प दाबावं, लाल पट्टी जाईल. विषय संपला."

त्याच्या परीने तो उपकारच करत होता. मी तोंड उघडणार होते, पण मिटलं. खुर्ची माझी नव्हती, पोट माझं नव्हतं. घरी पडलेल्या त्या दोन बॅगा मला आठवल्या आणि पहिल्यांदाच वाटलं, दाब बाई, दाबून टाक.

फोटो पुन्हा आला. नणंदेने माउस सी शार्पच्या बटणावर नेला. मी तिच्याकडे बघितलं नाही. मग माउस तिथून सरकला आणि कीबोर्ड वाजायला लागला.

बटणांच्या खाली शेऱ्याची एक चौकट असते, तिच्याकडे सहसा कुणी ढुंकूनही बघत नाही. तिने तिथे लिहिलं: *ह्या फोटोत चारपैकी कुठलीही भाषा असू शकते. कंसावरून ठरत नाही. सांगता येत नाही.* आणि कुठलंही बटण न दाबता 'पुढे' केलं.

लाल पट्टी आली. स्क्रीन बंद झाली.

"अहो, काय केलंत हे!" टक्के कळवळून म्हणाला.

"ओळखलं," ती म्हणाली. गळ्यातलं ओळखपत्र काढून तिने त्याच्या हातात दिलं. डबा पिशवीत टाकून ती उठली आणि माझ्याकडे वळली.

"वहिनी, आता?"

रांगेच्या शेवटपर्यंत ऐकू जाईल असं मी म्हणाले, "आता बरोबर."