लांब स्टडचे बूट

शेणव्याच्या मैदानाला मैदान म्हणायचं ते केवळ उदार मनाने. मूळचं ते भातखाचर, आणि श्रावणात ते आपली जात दाखवतंच.

फुटबॉलच्या मॅचआधी पंचांनी छातीच्या उंचीवरून बॉल सोडून पाहिला. मधोमध तो थोडा तरी उसळला. उजव्या कोपऱ्यात थपकन बसला तो बसलाच. मॅच पुढच्या रविवारी घेऊ, असं पंच म्हणाले. समोरच्या संघातल्या टोकावड्याच्या मुलीही कबूल होत्या. शेणव्याची कॅप्टन रुपाच हटून बसली. पुढच्या रविवारी दिपिका पोलीस भरतीच्या सरावाला ठाणे शहरात गेलेली असणार होती. भरतीची धाव दोन महिन्यांवर आली होती, आणि दिपिकाशिवाय गोल मारणार कोण? रुपाच्या हट्टापुढे पंचांनीही मान तुकवली.

दिपिकाचे बूट झिजलेले, तळाला रबराचे बुटके खुंट, म्हणजे स्टड, असलेले. पहिल्या अर्ध्यात ती गोलसमोर तीनदा घसरली आणि तीनदा हसत उठली. रुपाचा पारा चढला. मध्यंतरात तिने स्वतःचे लांब स्टडचे नवे बूट काढून दिपिकापुढे ठेवले.

"हे घाल. मग नाय घसरायचीस."

दिपिकाने चार पावलं टाकून बघितलं. पाय फार रुततो, म्हणाली. रुतायलाच हवा, असं रुपाने तिला दटावलं आणि तिचे झिजलेले बूट स्वतः चढवले.

कोपऱ्यातल्या डबक्यात बॉल येऊन अडकला. तिथून तो घरंगळणं शक्यच नव्हतं, खालून उचलूनच मारायला हवा होता. रुपा मागून ओरडली, "वळ, वळून मार!" दिपिका वळली. अंग वळलं, गुडघा वळला, पण स्टड तळव्यापर्यंत चिखलात रुतलेले. पाय जागचा हलला नाही. ती खाली बसली. या वेळी ती उठली नाही.

चिखलात आधी पाय वर काढायचा, मगच वळायचं, हे भातलावणीला आलेली सात वर्षांची पोरसुद्धा जाणते. दर वर्षी नवख्या पोरींना ते रुपाच शिकवायची. गोलच्या नादात तिच्या डोक्यातून ते साफ गेलं होतं.

गुडघ्याचा लिगामेंट तुटला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, आणि वर्षभर धावायचं नाव नको. रुपाला दिपिकाच्या दारात जायला बारा दिवस लागले. एवढं काळं तोंड घेऊन जायचं कुठल्या उंबऱ्यावर?

दिपिका उशीवर पाय ठेवून बसली होती. तिने खाटेखालून बूट काढले. एकेका स्टडचा चिखल खरवडून काढलेला, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले.

"सुकायलाच वेळ लागला गो," ती म्हणाली. "नायतर आईबरोबर धाडले असते."

रुपाला रडू आवरेना. "मीच घातले ना गो तुजे पायात."

दिपिकाने गुडघ्यावरचा पट्टा सारखा केला.

"घसरले असते तर उठले असते मी," ती म्हणाली.

रागाने म्हणाली असती, तर रुपाला ते सोसवलं असतं. पण तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं, आणि बूट रुपाच्या हातात दिले.